तोंडाभोवती मधासारख्या खपल्या : इम्पेटिगो ओळखूया



पावसाळ्यात सर्दीचे दिवस आले की वर्गात एखाद्या मुलाच्या नाकाखाली किंवा ओठाच्या कोपऱ्याशी पिवळसर खपली दिसते. मध सांडून वाळावा तशी. घरी कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं अंगावरून पाल गेली. खरं तर हा जिवाणूंमुळे होणारा त्वचेचा संसर्ग आहे. डॉक्टर त्याला इम्पेटिगो म्हणतात.

हे जिवाणू बऱ्याचदा मुलाच्या नाकात आधीच असतात, पण धड कातडीतून सहसा आत शिरत नाहीत. सर्दीत नाक सारखं पुसून कातडी सोलवटते आणि त्यांना वाट मिळते. आधी लाल ठिपका येतो, त्यावर बारीक फोड येतात आणि लगेच फुटतात. त्यातून पाझरणारा द्रव वाळला की मधाच्या रंगाची खपली तयार होते. मूल ती खाजवतं आणि तेच बोट दुसरीकडे लावतं. तिथेही नवा फोड येतो.

वर्गात कसा पसरतो?

दुसरीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणूया. सोमवारी सर्दी, गुरुवारी नाकाखाली लाल ठिपका, शनिवारी खपली. घरी धाकटी बहीण त्याच्याच टॉवेलला तोंड पुसते. शाळेत बाकावरच्या मित्राच्या कोपरावर डास चावलाय आणि त्याने तो खाजवून फोडलाय. खेळताना याचा हात तिथे लागतो. मित्राच्या कोपरावर खपली दिसते ती साधारण चार ते दहा दिवसांनी, आणि तीही तोंडावर नाही. त्यामुळे दोन्हींचा संबंध आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून एका मुलाला झालं की पुढचे दहा दिवस शेजारच्या मुलांचे हात, पाय आणि गुडघेही बघावेत.

उपचार

आधी डॉक्टरांना दाखवावं. दोन-चारच फोड असतील तर बहुधा म्युपिरोसिनसारखं जिवाणूनाशक मलम देतात. दिवसातून दोन-तीन वेळा, साधारण पाच दिवस. मात्र खपलीवरून लावलेलं मलम खाली नीट पोहोचत नाही. म्हणून स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून पाच-दहा मिनिटं खपलीवर ठेवावं, साबणाच्या पाण्याने हलकेच पुसावं, सुटेल तेवढीच खपली काढावी, ओढू नये. मग पातळ थर लावावा आणि हात धुवावेत. फोड जास्त असतील, ताप असेल किंवा घरात अनेकांना झालं असेल, तर पोटातून अँटिबायोटिक लागतं. ते डॉक्टरच ठरवतात.

दोन दिवसांत खपली वाळली म्हणून औषध थांबवू नये. उलट तीन दिवसांनंतरही नवे फोड येत असतील, तर पुन्हा दाखवावं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो घरात पडलेल्या ट्यूबमुळे. खाज-नायट्यासाठी दुकानातून आणलेल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खाज कमी होते, बरं वाटतं, पण जिवाणू पसरतच राहतात. फोड वरवरचे असल्याने खड्डा पडत नाही. डाग राहिला तरी तो हळूहळू जातो.

शाळेत कधी पाठवावं?

औषध सुरू करून 24 तास झाले की मूल सहसा शाळेत येऊ शकतं. उघडे, पाझरणारे फोड झाकता येत असतील तर झाकावेत. त्याचा रुमाल, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, रोज धुवावा. नखं कापावीत. वर्गात साबणाने हात धुवायला लावावेत, पण सगळ्यांनाच. त्या एका मुलाला वेगळं बसवून सगळ्यांसमोर विचारलं, तर पुढच्या वेळी मुलं खपली लपवतील. पालकांना बाजूला घेऊन सांगावं.

एक गोष्ट विसरू नका

हा संसर्ग काही वेळा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूने होतो. त्यानंतर क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, तीही फोड बरे झाल्यावर, एक ते काही आठवड्यांनी. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी होणं किंवा कोऱ्या चहासारखी गडद होणं ही त्याची लक्षणं आहेत. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि मागे तोंडाला खपल्या आल्या होत्या हे आवर्जून सांगावं. आपण सांगितलं नाही, तर बऱ्या झालेल्या फोडांवरून डॉक्टरांना ते कळणार नाही.