त्रिज्या १५, अंतर २५: एका वर्तुळाची उकल

दहावीच्या भूमितीत उदाहरण सोडवताना प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायचे असते: ‘स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय’, ‘अर्धवर्तुळातील अंतर्लिखित कोन’ वगैरे. अनेक मुले आधी उत्तर काढतात आणि कारणे मागाहून भरतात. वर्तुळाच्या बाबतीत हा क्रम घातक ठरतो. आकृतीत जे काटकोनासारखे दिसते ते काटकोन नसू शकते, आणि व्यासासारखी दिसणारी जीवा व्यासापेक्षा बरीच लहान निघू शकते. म्हणून एकच आकृती घेऊन, तिच्यातली प्रत्येक लांबी कोणत्या प्रमेयाच्या बळावर मिळते ते पाहावे.

वर्तुळाचे केंद्र O आणि त्रिज्या १५ एकके. केंद्रापासून २५ एककांवर, वर्तुळाबाहेर, P हा बिंदू. P मधून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढायच्या आहेत. वहीत ५ एककांना १ सेंमी हे प्रमाण धरले, तर ३ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ आणि ५ सेंमी अंतर घेऊन आकृती सहज बसते.

पट्टी वर्तुळाला टेकवून अंदाजाने स्पर्शिका ओढली तर स्पर्शबिंदू नेमका कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी OP चा मध्यबिंदू घ्यावा आणि OP हा व्यास धरून दुसरे वर्तुळ काढावे. ते पहिल्या वर्तुळाला A आणि B या दोन बिंदूंत छेदते, हेच स्पर्शबिंदू. कारण असे: ∠OAP हा नव्या वर्तुळाच्या अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन आहे, आणि असा कोन नेहमी ९०° असतो. मग PA ही OA या त्रिज्येला तिच्या बाहेरच्या टोकाशी लंब झाली, म्हणजे स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाच्या व्यत्यासाने ती स्पर्शिका झाली. अर्धवर्तुळातील कोनाचा हा गुणधर्म ग्रीक परंपरा मिलेटसच्या थेलीसच्या नावावर सांगते. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये तो तिसऱ्या पुस्तकात येतो.

आता पहिली लांबी. △OAP मध्ये A पाशी काटकोन आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने PA² = २५² − १५² = ४००, आणि PA = २०. PB वेगळी काढायची गरज नाही. बाह्यबिंदूपासून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात, म्हणून PB सुद्धा २०.

A आणि B जोडले की AB ही जीवा मिळते. ती OP ला M मध्ये छेदते. इथे बहुतेक जण ‘OP ⊥ AB’ असे न विचारता लिहून टाकतात. ते खरे आहे, पण त्याला आधार हवा. O हा बिंदू A आणि B पासून समान अंतरावर आहे, कारण दोन्ही त्रिज्या आहेत. P सुद्धा, कारण दोन्ही स्पर्शिकाखंड आहेत. लंबदुभाजकाच्या प्रमेयानुसार हे दोन्ही बिंदू AB च्या लंबदुभाजकावर आहेत, म्हणून OP हाच तो लंबदुभाजक. मग △OAP चे क्षेत्रफळ दोन तऱ्हांनी मांडता येते. काटकोनाच्या बाजू घेतल्या तर ½ × १५ × २० = १५०. पाया OP आणि उंची AM घेतली तर ½ × २५ × AM. त्यावरून AM = १२ आणि जीवा AB = २४. पुन्हा पायथागोरस लावला की OM = ९.

OP वर्तुळाला D मध्ये छेदते आणि O च्या पलीकडे वाढवली की C मध्ये. CD हा व्यास, लांबी ३०. PD = २५ − १५ = १०, तर PC = २५ + १५ = ४०. स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांच्या प्रमेयानुसार PA² = PD × PC. म्हणजे १० × ४० = ४००, आणि PA पुन्हा २०.

सर्वांत जास्त चुका याच प्रमेयात होतात. विद्यार्थी PD × DC करतात, म्हणजे बाहेरचा तुकडा गुणिले आतला तुकडा. तसे केले तर १० × ३० = ३०० येते आणि PA सुमारे १७.३ निघते. दोन्ही रेषाखंड P पासूनच मोजायचे असतात: एक जवळच्या छेदनबिंदूपर्यंत, दुसरा दूरच्या. पायथागोरसने काढलेल्या २० शी हे उत्तर जुळत नाही, यावरूनच चूक पकडता येते.

आता A हा बिंदू C आणि D ला जोडावा. CD व्यास असल्याने ∠CAD = ९०°. व्यासाचे M पाशी दोन तुकडे होतात: MD = १५ − ९ = ६ आणि MC = १५ + ९ = २४. काटकोनाच्या शिरोबिंदूपासून कर्णावर टाकलेला लंब हा या दोन तुकड्यांचा भूमितीमध्य असतो, म्हणून AM² = ६ × २४ = १४४. AM पुन्हा १२ आली, पण या वेळी स्पर्शिकेचा उल्लेखही न करता. हा संबंध आर्यभटांनी ‘आर्यभटीया’च्या गणितपादात सांगितला आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग म्हणजे दोन्ही शरांचा गुणाकार. शर म्हणजे जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त १० व्यासाच्या वर्तुळात ६ लांबीच्या जीवेचा शर विचारला आहे. उत्तर १, कारण दुसरा शर ९ आणि १ × ९ = ३².

अर्धवर्तुळाचे प्रमेय फक्त व्यासावर चालते, ही त्याची मर्यादा डोळ्यांना फसवते. घाईने काढलेल्या आकृतीत AB सुद्धा व्यासासारखी दिसते, आणि मग ∠ACB ला ९०° मानण्याचा मोह होतो. AB २४ आहे, व्यास ३०. तेवढे पुरेसे आहे. प्रत्यक्षात ∠ACB सुमारे ५३° आणि ∠ADB सुमारे १२७° आहे. ACBD चक्रीय चौकोन असल्याने समोरासमोरच्या या दोन कोनांची बेरीज १८०° होते, पण काटकोन एकही नाही.

शेवटचा कोन ∠PAD. स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाने तो अंतर्खंडित कंसाच्या मापाच्या निम्मा, म्हणजे ∠ACD एवढा. दुसरीकडे ∠DAM सुद्धा ∠ACD एवढाच, कारण दोघेही ∠ADC चे कोटिकोन. म्हणजे AD ही ∠PAB ची दुभाजक. B कडूनही तेच घडते, आणि OP तर ∠APB ला दुभागतेच. तीनही कोनदुभाजक D मध्ये मिळतात, म्हणून P जवळचा हा बिंदू △PAB चा अंतर्मध्य ठरतो. D चे AB पासूनचे अंतर DM = ६, तर अंतर्वर्तुळाची त्रिज्याही ६ हवी. △PAB च्या बाजू २०, २० आणि २४; अर्धपरिमिती ३२; उंची PM = २५ − ९ = १६, म्हणून क्षेत्रफळ ½ × २४ × १६ = १९२. अंतर्वर्तुळाची त्रिज्या म्हणजे क्षेत्रफळ भागिले अर्धपरिमिती: १९२ ÷ ३२ = ६.