लाल सोने निळे का पडते?

मायकेल फॅरेडेने १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे माणकासारखे लाल कलिल अभ्यासले. हे कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत हलत राहतात. ऋणभारित असल्याने एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येकाभोवती धन आयनांचे सैल वलय असते आणि वलये एकमेकांत घुसू लागली की कण दूर ढकलले जातात.

मीठ घातले की सोडियम आयनांच्या गर्दीने वलय आकसते. ‘भार नाहीसा होतो’ एवढेच उत्तर मला अपुरे वाटते. भार शिल्लक असतानाही कण इतके जवळ येतात की त्यांच्यातले आकर्षण वरचढ ठरते. ते साकळतात, लाल रंग निळा पडतो, मग गाळ बसतो. दुहेरी भाराचे कॅल्शियम आयन असतील, तर हेच फार थोड्या क्षारात घडते. आधी जिलेटिन मिसळले असेल, तर मात्र लाली टिकते.