बाटली संपते केव्हा?

मंडळाच्या गणेशोत्सवात आमच्या वहिनींचा छोटासा स्टॉल आपण पाहिला असेल. चेहऱ्याला लावायचे सीरम आणि क्रीम त्या न्यू जर्सीत घरगुती प्रमाणात करून विकतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची तक्रार होती, "भाऊजी, स्टॉलवर लोक कौतुक करून घेऊन जातात, पण दुसरी बाटली मागायला कोणी येत नाही." स्टॉलचे भाडे वजा जाता पहिल्या बाटलीत फारसे काही उरत नाही. कमाई असते ती दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीत. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, तेव्हा ग्राहकांना आठवणीचे ई-मेल पाठवण्याचे काम माझ्याकडे आले.

मी आधी कागदावर हिशेब मांडला. बाटली ३० मिलीची. सकाळी पाच थेंब, रात्री पाच थेंब. एका मिलीत साधारण वीस थेंब धरले, तर रोज अर्धा मिली, म्हणजे बाटली ६० दिवस पुरणार. म्हणून ४५व्या दिवशी ई-मेल पाठवायचे ठरवले. हिशेब चोख होता, पण निकाल वाईट लागला. "अहो, अजून अर्धी बाटली शिल्लक आहे," अशी उत्तरे आली आणि काहींनी यादीतून नावच काढून घेतले. लोक सकाळी घाईत सीरम लावत नाहीत, शनिवार-रविवार विसरतात, प्रवासाला जाताना बाटली घरीच ठेवतात. लेबलवरचा वापर आणि खरा वापर यांत एवढे अंतर असते!

मग मी वहिनींची विक्रीची वही एक्सेलमध्ये उतरवली: ग्राहक, वस्तू, तारीख आणि नग असे चार रकाने. ग्राहक, मग वस्तू, मग तारीख अशा क्रमाने यादी लावली आणि पाचव्या रकान्यात तिसऱ्या ओळीपासून पुढील सूत्र खाली उतरवत नेले.

```
=IF(AND(A3=A2,B3=B2),(C3-C2)/D2,"")
```

एकाच माणसाने तीच वस्तू पुन्हा किती दिवसांनी घेतली, ते यातून कळते. नगाने भागायला विसरू नका, नाहीतर दोन बाटल्या एकदम घेणारी व्यक्ती फार सावकाश वापरणारी दिसते. या आकड्यांची सरासरी काढू नये. वर्षभराने परतलेला एखादा ग्राहक ती उगाच फुगवतो. त्याऐवजी मधला आकडा घ्यावा.

```
=MEDIAN(IF(B3:B500="सीरम",E3:E500))
=QUARTILE(IF(B3:B500="सीरम",E3:E500),1)
```

आमच्याकडे सीरमचा मधला आकडा ८३ दिवस निघाला आणि पहिल्या चतुर्थांशाचा ६८. म्हणजे परत येणाऱ्यांपैकी एक चतुर्थांश लोक ६८ दिवसांच्या आत आपणहून आलेले होते. म्हणून पहिली आठवण आता ६८व्या दिवशी जाते. ऑर्डर दिली नाही तर दुसरी ९५व्या दिवशी, आणि मग आम्ही गप्प बसतो. क्रीमचे आकडे वेगळे आले. प्रत्येक वस्तूचा हिशेब स्वतंत्रच करावा लागतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. हे आकडे फक्त परत आलेल्यांचे आहेत. जे आलेच नाहीत, त्यांची बाटली संपली की कपाटात पडून राहिली, हे ही वही सांगत नाही.

सर्वात लाजिरवाणी चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये होती. दिवस पहिल्या ऑर्डरपासून मोजले जात होते. एका ताईंनी सोमवारी नवी बाटली मागवली आणि बुधवारी त्यांना "आपले सीरम संपत आले असेल" असे पत्र गेले. प्रत्येक ऑर्डरनंतर मोजणी शून्यावर आली पाहिजे, आणि पत्र निघण्याच्या दिवशी यादी पुन्हा एकदा तपासली पाहिजे. भेट म्हणून घेतलेल्या बाटल्या यादीतून वगळलेल्या बऱ्या.

उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी चार महिने आम्ही एकाआड एक ग्राहकाला पत्र पाठवले. पत्र मिळालेल्या तीस जणांतून बाराजणांनी पुढच्या तीन आठवड्यांत ऑर्डर दिली, न मिळालेल्या तीस जणांतून सातांनी. एका बाटलीमागे खर्च जाऊन १५ डॉलर उरतात, तेव्हा पाच बाटल्यांचे ७५ डॉलर. एवढ्या थोड्या माणसांत हा योगायोगही असू शकतो, म्हणून प्रयोग अजून चालू ठेवला आहे. पत्रासोबत सवलत देण्याचा मोह वहिनींना झाला होता. मी नको म्हटले, कारण मग लोक बाटली संपली तरी सवलतीच्या पत्राची वाट पाहतात.

अमेरिकेत घरून व्यवसाय करणाऱ्यांसाठी कायद्याचेही सांगतो. २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार अशा ई-मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता आणि नाव काढून घेण्याची सोय असावी लागते, आणि तशी विनंती आल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत नाव काढावे लागते. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपाल खात्यात रीतसर नोंदवलेली पोस्ट बॉक्स चालते. फोनवर आपोआप जाणाऱ्या जाहिरातीच्या टेक्स्टसाठी मात्र ग्राहकाची आधी लेखी संमती लागते. स्टॉलवर नंबर लिहून घेतला म्हणजे ती मिळाली असे होत नाही. म्हणून वहिनींच्या स्टॉलवरच्या वहीत आता त्यासाठी सहीचा वेगळा रकाना आहे.