निश्चयक न उलगडता आयगेन व्हॅल्यू

अभियांत्रिकीच्या मुलांना आयगेन व्हॅल्यू काढायची एक ठरलेली रीत असते: मॅट्रिक्सच्या कर्णावरून λ वजा करायचा, निश्चयक उलगडायचा आणि येईल ते समीकरण सोडवायचं. तीन ओळींच्या मॅट्रिक्सच्या निश्चयकात सहा पदं असतात, दहा ओळींच्या ३६,२८,८००. काही मॅट्रिक्सच्या बाबतीत मात्र हा खटाटोप करावाच लागत नाही. ही एक बघा:

३  १  १
४  ३  २
६  ३  ४

कर्णावरच्या तिन्ही आकड्यांतून एकेक वजा केला, तर ओळी उरतात (२, १, १), (४, २, २) आणि (६, ३, ३). दुसरी ओळ पहिलीच्या दुप्पट, तिसरी तिप्पट. आकडे नऊ दिसले तरी ओळ खरी एकच, म्हणून या उरलेल्या भागाची कोटी एक. काढून घेतलेला भाग म्हणजे कर्णावर १ आणि इतरत्र शून्य असलेली एकक मॅट्रिक्स. ती कोणत्याही सदिशाला हात न लावता जसाच्या तसा परत देते.

आता ही मॅट्रिक्स नेमकं करते काय, ते पाहू. मूळ ओळीला v = (२, १, १) म्हणू आणि ती किती पट घ्यायची ते सांगणाऱ्या आकड्यांना u = (१, २, ३). समोर एखादा सदिश x आला, की त्याचे घटक v च्या घटकांनी क्रमाने गुणून बेरीज करायची. जी संख्या येईल तितक्या पट u घ्यायचा आणि तो x मध्ये मिळवायचा. उदाहरणार्थ x = (१, ०, ०) घेतला तर बेरीज येते २. दोन पट u म्हणजे (२, ४, ६), तो मिळवून उत्तर (३, ४, ६). हाच आपल्या मॅट्रिक्सचा पहिला स्तंभ. थोडक्यात, x कुठलाही असो, त्यात भर पडते ती u च्याच दिशेने.

ज्या सदिशाची रेषा मॅट्रिक्स बदलत नाही, त्याला फक्त काही पट करते, तो आयगेन सदिश; आणि ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू. असे सदिश इथे कोणते? ज्यांची v शी बेरीज शून्य येते, त्यांच्यात काहीच मिळवलं जात नाही. (०, १, -१) आणि (१, -२, ०) हे तसे दोन. ते आहेत तसेच राहतात, म्हणून त्यांची आयगेन व्हॅल्यू १. असे सगळे सदिश मिळून एक प्रतल होतं आणि त्यात दोन स्वतंत्र दिशा असतात.

राहिला u. त्याची v शी बेरीज २ + २ + ३ = ७. म्हणजे u मध्ये सात पट u मिळवला जातो आणि तो आठ पट होतो. तिसरी आयगेन व्हॅल्यू ८. तीन मितींत तीन स्वतंत्र दिशा हाती आल्या, आणखी काही शोधायचं उरलं नाही. ताळा पाहायचा तर कर्णाची बेरीज ३ + ३ + ४ = १० आणि आयगेन व्हॅल्यूंची ८ + १ + १ = १०. निश्चयक हवाच असेल तर तो या तिघींचा गुणाकार, म्हणजे ८.

मॅट्रिक्स n ओळींची असली तरी रीत हीच. u आणि v यांची बेरीज s आली, तर एक आयगेन व्हॅल्यू १ + s आणि बाकीच्या n - १ सगळ्या १. s = -१ असेल तर u चा शून्य होतो आणि मॅट्रिक्सला व्यस्त उरत नाही. s = -२ असेल तर u उलटा फिरतो. त्यात v हा u च्याच रेषेत असला, तर ते सरळ आरशातलं प्रतिबिंब होतं. अल्स्टन हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये मांडलेली, संगणकावरच्या आकडेमोडीत आजही वापरली जाणारी मॅट्रिक्स हीच.

खरी ठेच लागते ती s = ० असताना. u = (१, १, १) आणि v = (१, १, -२) घेऊन पाहा. आता u स्वतःच त्या प्रतलात जाऊन बसतो, त्यामुळे तिसरी दिशा मिळत नाही. वेगळी एखादी आयगेन व्हॅल्यू कुठे लपली असेल का? नाही. x ची पट १ पेक्षा वेगळी असेल, तर त्यात पडलेली भर x च्याच रेषेत हवी; भर तर नेहमी u च्या दिशेने पडते, म्हणून x हा u च्या रेषेतच असायला हवा. पण u ची पट इथे १ आहे. तेव्हा आयगेन व्हॅल्यू तिन्ही १, पण स्वतंत्र आयगेन सदिश दोनच. अशी मॅट्रिक्स कर्णरूपात आणता येत नाही.

ही युक्ती चालते ती एकक मॅट्रिक्स सर्व सदिशांना सारखंच वागवते म्हणून. तिच्या जागी कर्णावर ५, ५, ५ असले तरी चालेल, प्रत्येक उत्तरात चारची भर पडेल इतकंच. पण कर्णावर १, २, ३ असतील तर (०, १, -१) चा (०, २, -३) होतो. रेषा बदलते, प्रतल हातचं जातं आणि आयगेन व्हॅल्यूंसाठी समीकरण मांडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.