हळदीचं रील कोणाकोणाला दिसतं?

नाशिकच्या एखाद्या घरातली हळद डोळ्यांपुढे आणा. नवरीच्या मावसबहिणीने अंगणात नाचणाऱ्या बायकांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीची आई फोन हातात घेऊन मुलीकडे येते. व्हिडिओखाली भलत्याच लोकांनी काहीबाही लिहिलंय आणि त्यात तिचं नाव आहे. मुलगी मेंदी सांभाळत सांगते, "अगं, ताईने रील टाकलंय आणि तुझं हँडल टॅग केलंय. नको असेल तर काढून टाक, आणि त्या माणसाला ब्लॉक कर."

वाक्य मराठीच आहे, पण त्यातले कामाचे चारही शब्द आईला परके आहेत. मुलांना ते इतके सवयीचे झालेले असतात, की समजावून सांगायची वेळ आली की ती व्याख्या सांगू लागतात किंवा फोन ओढून घेऊन स्वतःच बटणं दाबतात. दोन्हींनी आईच्या हाती काही लागत नाही. तिला पडलेले प्रश्न साधे असतात. हे कोणाला दिसतं? मी केलं तर समोरच्याला कळतं का? आणि मागे घेता येतं का? प्रत्येक शब्द या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून सांगितला, तर तो लक्षातही राहतो आणि वापरताही येतो.

सुरुवात हँडलपासून करावी, कारण बाकीच्या गोष्टी त्यावर उभ्या आहेत. फोनमध्ये एखादा नंबर आपण 'सुनीता वहिनी' म्हणून सेव्ह करतो. त्या नावाच्या दोन वहिनी असू शकतात, पण नंबर ज्याचा त्याचा. इन्स्टाग्रामवरही तसंच आहे. ठळक अक्षरांतलं नाव आणि गोल फोटो कोणीही काहीही ठेवू शकतो. हँडल मात्र त्या ॲपमध्ये एकाचंच असतं. म्हणून कोणाला शोधायचं, कोणाला हाक मारायची, कोणाविरुद्ध तक्रार करायची, हे सगळं हँडलवरून ठरतं. इन्स्टाग्रामच्या हँडलमध्ये इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची रेघ एवढंच चालतं. मोकळी जागा चालत नाही आणि लांबी जास्तीत जास्त ३० चिन्हांची. यूट्यूबनेही २०२२पासून प्रत्येक चॅनेलला @ ने सुरू होणारं हँडल दिलं.

आईवडिलांना हे माहीत असण्याची खरी गरज फसवणुकीच्या वेळी कळते. एखाद्या नातेवाइकाचा फोटो आणि नाव उचलून नवं खातं उघडायचं, त्याच्या ओळखीच्या लोकांना गाठायचं आणि 'तातडीने पैसे हवेत, यूपीआयवर पाठव' असा निरोप टाकायचा, हा प्रकार आता जुना झाला आहे. फोटो तोच, नाव तेच, त्यामुळे घरातली माणसं फसतात. फरक असतो तो हँडलमध्ये, आणि तोही डोळ्यांना चकवणारा. deshmukh आणि deshrnukh ही दोन नावं एकाखाली एक ठेवून पाहिली, तर दुसऱ्यात m नाही, r आणि n शेजारी शेजारी आहेत, हे ध्यानात येतं. कधी शेवटी एक जास्तीची खालची रेघ असते, कधी l च्या जागी 1 असतो. आईला आपल्याच घरातल्या दोन-तीन हँडलांवर हा खेळ करून दाखवावा. हँडल जुळत नसेल, किंवा जुळतंय की नाही हे ठरवता येत नसेल, तर त्या माणसाच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन लावायचा. हँडल जुळलं तरी पैशांची मागणी असेल तर फोन करायचाच, कारण खरं खातंही दुसऱ्याच्या हाती गेलेलं असू शकतं.

आता टॅग. टॅग करणं म्हणजे फोटोवर किंवा व्हिडिओवर एखाद्याचं हँडल जोडणं. नाव नुसतं लिहिण्यात आणि टॅग करण्यात फरक असा, की टॅगवर बोट टेकवलं की पाहणारा थेट त्या माणसाच्या खात्यावर जाऊन पोहोचतो. ज्याला टॅग केलं त्याला सूचना मिळते आणि तो फोटो त्याच्या स्वतःच्या खात्यावरच्या टॅग केलेल्या फोटोंच्या कप्प्यातही दिसू लागतो. म्हणजे आईने स्वतः काहीच टाकलं नाही, तरी तिच्या खात्यावर हळदीतला नाच आला.

इथे एक गोष्ट मुलांच्याही सहसा लक्षात येत नाही. आईचं खातं खाजगी आहे, म्हणून ती निर्धास्त असते. पण खाजगीपणाचं कुलूप आईच्या खात्याला आहे, भाचीच्या नाही. व्हिडिओ भाचीने टाकला आणि भाचीचं खातं सर्वांसाठी उघडं असेल, तर तो व्हिडिओ आणि त्यावरचं आईचं हँडल कोणालाही दिसणार. आईच्या हँडलवर कोणी बोट टेकवलं, तर आतले फोटो दिसणार नाहीत, एवढंच ते कुलूप करतं. फेसबुकवर आणखी एक पेच आहे. तिथे 'फक्त मित्रांसाठी' टाकलेल्या पोस्टमध्ये कोणाला टॅग केलं, तर ती पोस्ट टॅग झालेल्या माणसाच्या मित्रांपर्यंतही जाऊ शकते. भाचीच्या मैत्रिणींपुरता असलेला फोटो आईच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना दिसतो तो असा.

मागे घेता येतं का? टॅग काढता येतो, फोटो काढता येत नाही. फोटोवरच्या आपल्या नावावर बोट टेकवलं की स्वतःला त्यातून काढून टाकण्याचा पर्याय मिळतो. त्याने फोटो आपल्या खात्यावरून जातो, पण ज्याने टाकला त्याच्याकडे तसाच राहतो. तोही जायला हवा असेल, तर भाचीला फोन करून सांगण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळेसाठी मात्र बंदोबस्त करता येतो. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये Tags and mentions नावाचा भाग आहे. आपल्याला टॅग कोणी करावं, म्हणजे सगळ्यांनी, फक्त आपण ज्यांना फॉलो करतो त्यांनी, की कोणीच नाही, हे तिथे ठरवता येतं. टॅग झालेला फोटो आपण होकार दिल्याशिवाय खात्यावर येऊ नये, अशीही सोय तिथेच आहे. आईच्या फोनवर हा बदल करायला फार वेळ लागत नाही. तो तिच्याच हातून करवून घ्यावा.

रील समजावताना टिकटॉकची आठवण कामी येते. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं. तेव्हा त्याची मर्यादा होती १५ सेकंद. ती वाढत वाढत २०२५मध्ये तीन मिनिटांवर गेली. पण आईला लांबीशी कर्तव्य नसतं. ते अनोळखी लोक आले कुठून, हा तिचा प्रश्न असतो.

त्याचं उत्तर रीलच्या स्वभावात आहे. साधा फोटो मुख्यतः आपल्याला फॉलो करणाऱ्यांना दिसतो. स्टोरी २४ तासांनी निघून जाते. रील खात्यावर कायम राहतं आणि खातं उघडं असेल, तर ॲप ते मुद्दाम अनोळखी लोकांपुढे नेतं. नागपुरातला कोणी हळदीचे, लग्नातल्या नाचांचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघत असेल, तर हा व्हिडिओ त्याच्यापुढे येतो. तो त्याने थांबून पाहिला, कोणाला पाठवला, तर आणखी अनेकांपुढे जातो. यात भाचीने कोणाला काही पाठवलेलं नसतं, आणि ते लोक आईला शोधत आलेले नसतात. एवढं कळलं तरी आईच्या मनातली निम्मी भीती जाते. खातं खाजगी केलं, की त्यावरची रील्स फक्त मान्यता दिलेल्या फॉलोअर्सना दिसतात. मात्र उघड्या खात्यावरचं रील, मालकाने ती सोय बंद केली नसेल तर, बघणाऱ्याला आपल्या फोनमध्ये उतरवून घेता येतं. अशी प्रत एकदा व्हॉट्सॲपवर फिरू लागली, की मूळ रील काढून टाकलं तरी ती फिरतच राहते. म्हणून हळदीत कॅमेरा सुरू होण्याआधी बायकांना विचारणं, हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

ब्लॉक हा चारांतला सगळ्यात जड शब्द. तो तांत्रिक कारणाने नव्हे, तर संकोचामुळे जड वाटतो. "त्यांना कळलं तर काय वाटेल?" हा पहिला प्रश्न. ब्लॉक केल्याची सूचना समोरच्याला जात नाही. पण त्याने शोध घेतला तर अंदाज येऊ शकतो: व्हॉट्सॲपवर त्याच्या निरोपापुढे एकच टिक राहते, आपला प्रोफाइल फोटो आणि 'शेवटचं पाहिलं' दिसत नाही.

याचा प्रयोग घरीच करता येतो. मुलीने आईला व्हॉट्सॲपवर आपल्याला ब्लॉक करायला सांगावं, मग एक निरोप पाठवावा आणि दोन्ही फोन शेजारी ठेवावेत. मुलीच्या फोनवर एक टिक, आईचा फोन शांत. आता ब्लॉक काढायचं. तो निरोप तरीही येत नाही, नवा पाठवला तर येतो. मग दोघी ज्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे हाच प्रयोग करायचा. तिथे ब्लॉक असूनही एकमेकींचे निरोप दिसतात. नकोसा दीर ब्लॉक केला तरी ग्रुपवर कसा दिसतो, याचं उत्तर आईला न सांगता मिळतं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण तिथे ब्लॉकची किंमत मोजावी लागते. इन्स्टाग्रामवर ब्लॉक केलं की एकमेकांना फॉलो करणं तुटतं, त्या माणसाने आपल्या फोटोंवर दिलेले लाइक आणि प्रतिक्रिया जातात, आणि ब्लॉक काढलं तरी त्या परत येत नाहीत. फेसबुकवर मैत्री तुटते, आणि एकदा ब्लॉक काढल्यावर त्याच माणसाला पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं. एक्सवर २०२४च्या अखेरीपासून ब्लॉक केलेला माणूसही आपल्या उघड्या पोस्ट वाचू शकतो.

त्यामुळे नात्यातल्या माणसासाठी सौम्य मार्ग आधी दाखवावेत. इन्स्टाग्रामवर म्यूट केलं, की त्याच्या पोस्ट आपल्यापुढे येत नाहीत आणि त्याला पत्ता लागत नाही. रिस्ट्रिक्ट केलं, तर त्याची नवी प्रतिक्रिया, आपण मान्य करेपर्यंत, फक्त त्यालाच दिसते आणि त्याने पाठवलेले निरोप वेगळ्या कप्प्यात जातात. रोज खोचक लिहिणाऱ्या काकांसाठी हे पुरतं.

अनोळखी त्रासदायक माणूस किंवा नातेवाइकाच्या नावाचं बनावट खातं असेल, तर ब्लॉक करायलाच हवं, पण क्रम पाळून. आधी त्याच्या हँडलचा आणि निरोपांचा स्क्रीनशॉट घ्यायचा, हँडल कागदावर अक्षर अन् अक्षर उतरवून ठेवायचं, ॲपमधून तक्रार करायची आणि मगच ब्लॉक करायचं. ज्याच्या नावाने खातं काढलं, त्यालाही कळवायचं, म्हणजे तो स्वतः तक्रार करेल आणि बाकीच्यांना सावध करेल. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावायचा किंवा cybercrime.gov.in वर नोंद करायची. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, आणि तिथे पहिल्यांदा विचारल्या जाणाऱ्या तपशिलांत व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम असते. आईच्या फोनमध्ये १९३० हा नंबर आजच सेव्ह करून ठेवावा.