व्यायाम किती केला म्हणजे मनाला जाणवतो?

व्यायामाचा मनावरचा परिणाम दोनदा दिसतो. पहिला त्याच दिवशी: वीस-तीस मिनिटे भरभर चालून आले की जिवाची घालमेल कमी होते आणि हा हलकेपणा सहसा तास-दोन तास टिकतो. दुसरा परिणाम काही आठवड्यांनी येतो. रोजची उदासी, सततची काळजी यांचा जोरच ओसरू लागतो. पहिल्यालाच दुसरा समजणारे बरेच असतात. आठवडाभराने उदासी पुन्हा दाटून आली की ‘आपल्याला काही उपयोग नाही’ असे ठरवून ते व्यायाम सोडतात.

त्याच दिवशीच्या हलकेपणाचे श्रेय बहुधा एंडॉर्फिनला दिले जाते. पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धावपटूंना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन ट्रेडमिलवर पळवले. तरीही त्यांना पळाल्यावर आनंद वाटला आणि त्यांची चिंता उतरली. शरीरात तयार होणारी, गांजातल्या द्रव्यांशी साम्य असलेली ‘एंडोकॅनाबिनॉइड’ ही रसायने यामागे असावीत, असे आता मानले जाते.

दुसऱ्या, टिकाऊ परिणामाला किती व्यायाम लागतो, हे अमेरिकेत अँड्रिया डन आणि सहकाऱ्यांनी तपासले. त्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या 80 जणांचे गट पाडण्यात आले. कोणाला आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे 17.5 कॅलरी खर्च होतील इतका व्यायाम दिला, कोणाला फक्त 7 कॅलरींचा, तर एका गटाला नुसते अंग ताणण्याचे हलके प्रकार. 12 आठवड्यांनी मोठ्या मात्रेच्या गटात नैराश्याची लक्षणे सरासरी 47 टक्क्यांनी उतरली होती. छोट्या मात्रेत ती 30 टक्के उतरली आणि अंग ताणणाऱ्यांत 29, म्हणजे छोट्या मात्रेचा वेगळा असा फायदा दिसलाच नाही. हाच व्यायाम आठवड्यातून तीन दिवस केला की पाच, याने मात्र फरक पडला नाही. महत्त्वाची ठरली ती आठवड्याची बेरीज.

60 किलो वजनाच्या माणसासाठी ही बेरीज 1050 कॅलरी होते. भरभर चालताना अशा माणसाच्या मिनिटाला साधारण चार ते पाच कॅलरी खर्च होतात. म्हणजे आठवड्याला साडेतीन ते सव्वाचार तास चालणे हवे: सहा दिवस पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे. छोटी मात्रा याच हिशेबाने जेमतेम दीड तासाची भरते. भाजी आणायला रमतगमत जाणे यात धरता येत नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. हा हिशेब जडलेले नैराश्य उतरवण्याचा आहे. ते येऊच नये यासाठी थोड्यानेही फरक पडतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील 1,90,000 हून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात आठवड्याला सव्वा तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा 18 टक्के कमी आढळला.

चिंतेची गोष्ट थोडी वेगळी आहे. घाबरट झालेल्या माणसाला छातीतली धडधड, धाप, घाम यांचीच भीती बसते. धडधडले की ‘आता काहीतरी होणार’ असे वाटते आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते. व्यायामात हीच लक्षणे मुद्दाम उठवली जातात आणि थोड्या वेळाने आपोआप शमतात. शरीराला हा अनुभव पुनःपुन्हा मिळाला की धडधडीची दहशत जाते. एका अमेरिकी प्रयोगात यासाठी वीस मिनिटांची सहा सत्रे, तीही दोन आठवड्यांत, पुरली. जोरात पळणाऱ्यांत हा बदल सावकाश चालणाऱ्यांपेक्षा लवकर दिसला.

तरी नवख्याने जोरात पळून सुरुवात करू नये. दम लागून बोलणे तुटू लागले की बहुतेकांना व्यायाम चालू असतानाच नकोसा होतो आणि दुसऱ्या दिवशी पाय घराबाहेर पडत नाही. फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे रोज ठरलेल्या एकाच वेळी, व्यायामानंतर लगेच नव्हे, मनाच्या स्थितीला शून्य ते दहा गुण देऊन वहीत टिपणे. एकेका दिवसाचे गुण वरखाली होतात, म्हणून आठवड्याची सरासरी पाहावी आणि सहा ते आठ आठवड्यांआधी निर्णय घेऊ नये.

तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेच जड जाते; तिथे आधी उपचार लागतात. चालू औषध व्यायामाच्या भरवशावर परस्पर बंद करू नये, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर ती चिंता आहे असे गृहीत न धरता हृदय तपासून घ्यावे.