फुटक्या पडद्याच्या जुन्या फोनवरून गुगल खाते परत कसे मिळवावे

गेल्या हंगामात कापसाची वेचणी ऐन भरात असताना फर्दापूर येथील एका शेतकऱ्याचा फोन मोटारसायकलवरून पडला. पडद्याला तडे गेले. चित्र दिसत होते, परंतु बोट लावले तर काहीच उमटत नव्हते. त्यांनी सिमकार्ड काढून नवीन फोनमध्ये घातले व जुना फोन कपाटात ठेवून दिला. दोन दिवसांनी नवीन फोनवर जुने जीमेल खाते उघडू लागले तेव्हा अडचण समजली. पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता, कारण खाते पुतण्याने काढून दिले होते आणि पासवर्ड त्यालाही आठवेना. Forgot password? यावर दाबले असता नवीन फोनवर मजकूर आला की, आपल्या जुन्या फोनवर सूचना पाठवली आहे, ती उघडून होकार द्यावा. खात्यात नोंदवलेला मोबाईल क्रमांक तीन वर्षांपूर्वी बंद झालेला होता, त्यामुळे संदेशाने येणारा अंक मिळण्याचा मार्गही नव्हता.

त्या खात्यात वेचणीच्या मजुरांच्या मुकादमाचे, व्यापाऱ्यांचे व ट्रॅक्टरवाल्यांचे असे मिळून सर्व क्रमांक होते. उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो होते. व्हॉट्सॲपची साठवण देखील त्याच खात्यावर होती. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. ई-पीक पाहणी किंवा पीएम किसान यांचा या खात्याशी संबंध नाही. ती कामे मोबाईल क्रमांक व आधार यांवर चालतात. म्हणून गुगल खाते गेले म्हणजे अनुदान अडकले असा समज करून घेऊ नये. अडकतात ते आपले क्रमांक, फोटो व पत्रव्यवहार.

सूचना जुन्याच फोनवर का येते?

गुगलने ही पद्धत 2016 साली आणली. एखाद्या फोनवर खाते आधीपासून उघडलेले असेल, तर तो फोन मालकाच्या हातात आहे असे गुगल धरते आणि नवीन ठिकाणाहून कोणी खाते उघडू लागले की त्या फोनला विचारते की, हे आपणच आहात काय? 2021 पासून गुगलने कोट्यवधी खात्यांना पासवर्डनंतरची ही दुसरी पडताळणी आपणहून लावली. त्यामुळे ज्यांनी कधी अशी सोय मागितली नाही त्यांनाही ती लागू झालेली आढळते.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जुन्या फोनवर खाते उघडलेले असेपर्यंतच ही सूचना येईल. दुकानदाराने तो फोन रिसेट केला, किंवा घरच्या कोणी त्यातून खाते काढून टाकले, की हा मार्ग बंद होतो. तसेच सूचना इंटरनेटवरून येते, सिमकार्डवरून येत नाही. सिमकार्ड नसलेल्या जुन्या फोनला वायफाय मिळाले तरी पुरते.

फर्दापूरच्या शेतकऱ्याने काय केले

पडदा दिसतो पण बोट घेत नाही, हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार आहे. त्याला संगणकाचा साधा, वायरचा माऊस व ओटीजी जोडणी एवढेच साहित्य लागते. ओटीजी म्हणजे बोटभर लांबीचा तुकडा. त्याचे एक टोक फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात बसते व दुसऱ्या टोकाला माऊस लागतो. मोबाईलच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो. घेताना फोन सोबत न्यावा, कारण जुन्या फोनचे छिद्र मायक्रो पद्धतीचे व नव्याचे टाईप-सी पद्धतीचे असते. दुकानदाराला “ओटीजी” असे स्पष्ट सांगावे. नुसत्या चार्जिंगचा तसाच दिसणारा तुकडा निघाला तर माऊस चालणार नाही.

त्यांचा फोन कपाटात पडून बंद झाला होता. प्रथम तो पूर्ण चार्ज केला, कारण माऊस लावल्यावर त्याच छिद्रातून चार्जिंग करता येत नाही. फोन सुरू होताच त्यांनी सवयीने अंगठा टेकवला, पण फोन उघडला नाही. यात बिघाड नव्हता. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्या वेळी अंगठा चालत नाही, पिन किंवा नक्षीच द्यावी लागते. आणि ती दिल्याशिवाय गुगलची सूचनाही पुढे येत नाही. याकरिता फुटलेला फोन चालू असेल तर तो बंद पडू देऊ नये, चार्जिंगला लावून ठेवावा.

माऊस लावल्यावर पडद्यावर बाण उमटला. नक्षी काढण्यासाठी पहिल्या ठिपक्यावर बाण नेऊन माऊसचे डावे बटण दाबून धरावे, तसेच धरून पुढच्या ठिपक्यांवरून सावकाश न्यावे व शेवटी सोडावे. पहिल्या दोन वेळा त्यांचा हात घसरला. अशा वेळी घाई करू नये, कारण बऱ्याच वेळा चुकल्यास फोन थांबायला लावतो व थांबण्याचा काळ वाढत जातो. तिसऱ्या वेळी फोन उघडला. मग भावाच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला, माऊसनेच जुन्या फोनच्या वायफायच्या यादीत त्याचे नाव निवडले आणि पडद्यावरील अक्षरांवर एकेक बाण ठेवून पासवर्ड भरला.

आता दोन्ही फोन शेजारी ठेवले. दोन दिवसांपूर्वीची सूचना केव्हाच मुदत संपून गेली होती, म्हणून नवीन फोनवर पुन्हा Forgot password? पासून सुरुवात केली. नवीन फोनवर एक अंक दिसला. त्याच वेळी जुन्या फोनवर प्रश्न आला व खाली तीन अंक दिसले. त्यांपैकी नवीन फोनवर होता तोच अंक माऊसने दाबावयाचा असतो. काही वेळा अंक न येता फक्त होकार व नकार अशी दोन बटणे येतात. तेथे Yes ने सुरू होणारे बटण दाबावे. प्रश्न आपोआप पुढे आला नाही तर वरची सूचनांची पट्टी खाली ओढून पाहावी. होकार दिल्यावर नवीन फोनवर नवा पासवर्ड ठरविण्याची जागा उघडली. माऊस लावल्यापासून सर्व कामास अर्धा तासही लागला नाही.

माऊसचा बाण उमटला नाही तर?

ओप्पो, व्हिवो, रियलमी व वनप्लस यांच्या पुष्कळ फोनमध्ये ओटीजी हे सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते व काही वेळ वापर नसल्यास ते आपोआप बंद होते. बोटच चालत नसताना ते चालू कसे करावे, हा पेच पडतो. पडद्याचा एखादा भाग बोट घेत असेल तर फोन आडवा-उभा करून पाहावा. बटण त्या भागात आले तर काम होते.

दुसरा प्रकार उलट असतो. पडदा काळा, पण फोन वाजतो, थरथरतो व बोटही घेतो. येथे अंदाजाने दाबत बसू नये, कारण चुकून नकार दाबला गेला तर कोणी परका खात्यात शिरत आहे असे गुगल समजते आणि पुढचे काम अवघड होते. ज्या फोनवर आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद दाबून टॉकबॅक सुरू होते, त्या फोनचा येथे उपयोग होतो. टॉकबॅक ही अंधांसाठीची सोय आहे. बोट जेथे फिरवाल तेथे काय लिहिले आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा लागोपाठ टिचकी दिली म्हणजे ते दाबले जाते. तीन अंकांपैकी योग्य अंक ऐकून निवडता येतो.

अशा काळ्या पडद्याच्या फोनला वायफाय देण्याची एक युक्ती आहे. फोनला पूर्वी जोडलेल्या वायफायचे नाव व पासवर्ड आठवत असतील, तर नवीन फोनच्या हॉटस्पॉटला तेच नाव व तोच पासवर्ड द्यावा. लहान-मोठी अक्षरे व मोकळ्या जागा यांसह नाव तंतोतंत जुळले पाहिजे, सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच ठेवावा. जुन्या फोनचे वायफाय चालू असेल तर तो ओळखीचे जाळे समजून आपण होऊन जोडला जातो. जोडला गेला की नाही, हे नवीन फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावरील जोडलेल्या फोनांच्या यादीत दिसते.

पडदा व बोट दोन्ही गेले असतील, किंवा पडदा आपोआपच कोठेही दाबला जात असेल, तर घरी खटपट करण्यात अर्थ नाही असे माझे मत आहे. आपोआप दाबला जाणारा पडदा चुकीची नक्षी भरत राहतो. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे व नवा पडदा (ते त्यास कॉम्बो म्हणतात) न बसवता फक्त पट्टी जोडून दहा-पंधरा मिनिटे चालवून देण्यास सांगावे. हे त्यांच्या रोजच्या चाचणीचेच काम आहे आणि पूर्ण पडद्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. मात्र “रिसेट करू नका, सॉफ्टवेअर टाकू नका” हे आधी सांगावे व काम डोळ्यांदेखत करून घ्यावे.

एक सावधगिरी. आपण स्वतः खाते उघडत नसताना अशी सूचना आली तर नकारच द्यावा. फोन करून कोणी “अमुक अंक दाबा” असे सांगत असेल, तर तो आपलेच खाते उघडत आहे असे समजावे.

खाते मिळाल्याच्या दिवशीच

फर्दापूरच्या शेतकऱ्याने त्याच बैठकीत खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन बंद पडलेला क्रमांक काढला व चालू क्रमांक घातला. नंतर Backup codes या नावाखाली मिळणारे दहा अंक, प्रत्येकी आठ आकडी, सातबाऱ्याच्या फाईलमध्ये कागदावर लिहून ठेवले. हे अंक दुसरी पडताळणी चालू असलेल्या खात्यासच मिळतात व त्यातील प्रत्येक अंक एकदाच चालतो. जुना फोन त्यांनी आणखी पंधरा दिवस ठेवला. सर्व क्रमांक व फोटो नवीन फोनवर उतरल्याची खात्री झाल्यावरच तो माऊसने रिसेट करून दुकानदाराला दिला.

ज्यांच्या घरी असा फोन कपाटात पडून आहे त्यांनी फार काळ थांबू नये. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते. हा नियम डिसेंबर 2023 पासून अंमलात आहे. शिवाय न वापरता ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगू लागते. पाठीमागचे झाकण उचललेले दिसले तर तो फोन घरी चार्जिंगला लावू नये, तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.